फवारा मारायचा की थांबायचं? गुलाबी बोंडअळी आणि वहीतले तीन आकडे

(पॉडकास्टच्या या भागाचं हे लिखित रूप. बोलण्यातली पुनरावृत्ती काढली आहे, बाकी भाषा बोलतानाचीच ठेवली आहे.)

आजचा विषय कपाशीचा. शेवगाव, पाथर्डी, नेवासा, राहुरी या पट्ट्यातून सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न असा: "गुलाबी अळीचा फवारा नेमका कधी घ्यायचा?" कोणी म्हणतं अमावस्या धरून घ्या. कोणी म्हणतं दर पंधरा दिवसांनी घ्या. दुकानदार म्हणतो आजच घ्या. मी आज एकच गोष्ट सांगणार आहे. फवाऱ्याची तारीख कॅलेंडरमध्ये सापडत नाही, ती तुमच्याच वावरात असते. ती वाचायला तीन आकडे लागतात. सापळ्यातले पतंग, डोमकळ्या आणि फोडलेली हिरवी बोंडं. हे तीन आकडे कसे घ्यायचे, त्यांचा अर्थ काय आणि ते कुठे फसवतात, एवढंच आज बघू.

आधी अळीचा स्वभाव

बोंडअळ्या तीन. ठिपक्यांची, हिरवी म्हणजे अमेरिकन, आणि गुलाबी. पहिल्या दोघींवर बीटी कपाशी आजही बऱ्यापैकी काम करते. गुलाबीचं तसं राहिलेलं नाही. आपल्याकडे बीटी कपाशीला २००२ साली परवानगी मिळाली, दोन जनुकांचं बीजी-२ वाण २००६ साली आलं. २०१० साली गुजरातमधली गुलाबी अळी पहिल्या बीटीला दाद देत नाही हे जाहीर झालं. पुढच्या काही वर्षांत बीजी-२ चंही तेच झालं. २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रभर काय झालं ते तुम्हाला मी सांगायला नको. कापूस वेचायला गेलं की हातात कवडी यायची.

हे गुलाबीच्याच बाबतीत का झालं? कारण हिरव्या अळीला तूर, हरभरा, टोमॅटो, मका असं बरंच काही चालतं. तिच्या पतंगांमध्ये बीटी न खाल्लेले पतंग मिसळत राहतात. गुलाबी अळी मात्र आपल्या भागात जवळपास कपाशीवरच जगते. सगळीकडे बीटीच, आणि ती पण जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत उभी. मग बीटी पचवणारीच पिढी पुढे गेली. बियाण्याबरोबर बिगर-बीटीच्या ओळी लावायला जे पाकीट यायचं, ते किती जणांनी पेरलं ते ज्याचं त्याला माहीत.

आता महत्त्वाचं. मादी अंडी घालते पात्यांवर, फुलांवर, आणि बोंडं लागली की बोंडाच्या बुडाशी, हिरव्या पाकळ्यांच्या आत. तीन ते सहा दिवसांत अंडं फुटतं. अळी बाहेर येते आणि काही तासांत पात्यात किंवा बोंडात शिरते. आत गेली की जिथून शिरली ते छिद्र भरून येतं. बाहेरून बोंड ठणठणीत दिसतं. आत ती दोन-अडीच आठवडे सरकी खात बसते. वाढ पूर्ण झाली की भोक पाडून बाहेर पडते, कोष करते, आठ-दहा दिवसांत पतंग. म्हणजे साधारण महिन्याभरात एक पिढी.

यातून काय कळतं? अळी उघड्यावर असते ती काही तास. त्या तासांत औषध तिच्यापर्यंत पोचलं तर ती मरते. एकदा ती बोंडात गेली की तुम्ही वरून कितीही पंप मारा, तिला त्याचं काही नाही. त्यामुळे "अळी दिसली, फवारा मारला" हे हिरव्या अळीसाठी ठीक होतं, गुलाबीसाठी नाही. जी दिसली ती आपलं काम उरकून बसलेली असते. फवारा तिच्यासाठी नसतो. तो पुढच्या अंड्यांतून निघणाऱ्या अळ्यांसाठी असतो. म्हणून पतंग कधी उडतायत हे आधी कळायला हवं. त्यासाठी सापळा.

पहिला आकडा: सापळ्यातले पतंग

कामगंध सापळ्यात जी छोटी रबरी गोळी असते, जिला आपण ल्युअर म्हणतो, तिला मादीचा वास असतो. गुलाबी अळीसाठीच्या ल्युअरचं नाव गॉसिप्लुअर. त्या वासाला फक्त नर येतात. नर किती उडतायत यावरून वावरात पिढी कधी बाहेर पडली ते कळतं.

लावायचे कधी? पेरणीनंतर साधारण ४५ दिवसांनी, पाती धरायला लागली की. एकरी दोन सापळे. नरसाळ्याचा सापळा असेल तर त्याला प्लॅस्टिकची पिशवी असते, तिचं खालचं तोंड रबराने नीट बांधा. उंची पिकाच्या शेंड्यापेक्षा फूटभर वर. आणि इथेच बऱ्याच ठिकाणी गडबड होते. जुलैअखेर सापळा गुडघ्याइतका लावला, सप्टेंबरात कपाशी छातीला आली, सापळा आत झाकला गेला. पतंग कमी दिसतात आणि आपल्याला वाटतं यंदा अळी नाही. काठीवर सापळा सरकवता येईल असा बांधा, आणि पीक वाढेल तसा वर घ्या.

ल्युअर बदलायची तारीख पाकिटावर असते. काही दोन-तीन आठवडे टिकतात, काही त्याहून जास्त. बदलताना हाताला तंबाखू, औषध, किंवा हिरव्या अळीची ल्युअर लागलेली नको. दोन्ही ल्युअर एकाच हाताने लावल्या की वास मिसळतो आणि पतंग बिचकतात. जुनी ल्युअर वावरात टाकू नका, नाहीतर पतंग तिच्याभोवती घिरट्या घालत बसतील.

मोजायचे रोज सकाळी. मोजून झालं की पिशवी रिकामी करायची. हे फार जणांचं राहून जातं. चार दिवसांचे तीस पतंग एकदम मोजले, तर एका रात्रीचे किती हे कळतच नाही. आपला नियम रात्रीवर चालतो: एका सापळ्यात एका रात्री सरासरी आठ पतंग, आणि तेही लागोपाठ तीन रात्री. लागोपाठ का? एखाद्या रात्री वारं पडलेलं असतं, पतंग जास्त येतात. दुसऱ्या रात्री पाऊस, सापळा रिकामा. एका रात्रीच्या आकड्यावर फवारा मारला तर तो हवामानावर मारल्यासारखा होतो.

बरेच जण विचारतात, "सापळ्यांनीच सगळे पतंग पकडून टाकले तर?" एकरी दोन सापळ्यांत ते होत नाही. एक नर अनेक माद्यांशी जुळतो. निम्मे नर पकडले तरी उरलेले पुरे पडतात. शिवाय शेजारच्या वावरातून जुळून आलेली मादी तुमच्या सापळ्याकडे ढुंकूनही बघत नाही. एकरी दोन सापळे मोजण्यासाठी आहेत.

आणि एक गोष्ट. काही ठिकाणी कपाशीला वासाच्या दोऱ्या किंवा गाठी बांधतात. त्या सगळ्या वावरात मादीचा वास पसरवतात आणि नराला खरी मादी सापडत नाही. पद्धत चांगली आहे, पण सलग मोठ्या क्षेत्रावर केली तरच. तुमच्याकडे त्या बांधल्या असतील तर सापळा शून्य दाखवणार, कारण नराला सापळाही सापडत नाही. तेव्हा सापळ्यावर विसंबू नका, थेट बोंडं फोडा.

दुसरा आकडा: डोमकळ्या

फुलोरा सुरू झाला की पहिल्या पिढीची अळी कळीत असते. ती पाकळ्या आतून धाग्याने शिवून टाकते. फूल उमलत नाही, गुलाबाच्या कळीसारखं मिटून राहतं. तीच डोमकळी. वावरात वेगवेगळ्या ठिकाणची शंभर फुलं बघा, त्यातल्या डोमकळ्या मोजा. शंभरात दहा झाल्या तर पातळी ओलांडली.

सकाळी लवकर गेलात तर अजून न उमललेलं चांगलं फूलही मिटलेलं दिसतं. शंका आली तर पाकळ्या सोडवून बघा. आत जाळं आणि अळी दिसली तरच डोमकळी. मोजलेल्या डोमकळ्या तोडून पिशवीत घाला आणि बांधावर न टाकता जाळा किंवा खोल पुरा. सुरुवातीच्या पंधरवड्यात हे काम मजुराबरोबर केलं तर त्याचा उपयोग औषधाइतका होतो, कारण पहिल्या पिढीतली एक मादी पुढे शंभरावर अंडी घालते.

तिसरा आकडा: फोडलेली बोंडं

हा सगळ्यात भरवशाचा आकडा, आणि हाच घ्यायचा कंटाळा येतो. एकरी वीस हिरवी बोंडं तोडायची. कोवळी पण भरलेली, साधारण दहा ते वीस दिवसांची. अंगठ्याने दाबली तर थोडी दबणारी. पार कडक झालेली नको आणि गोटीएवढीही नको. बांधाकडची सोडा, वावरात तिरके चालत जा, एका झाडाचं एकच बोंड घ्या. चांगली दिसणारीसुद्धा घ्या. किडकी शोधून तोडली तर आकडा फुगेल.

मग चाकूने फोडा. आत बघायचं काय? लहान अळी गुलाबी नसते, ती पांढुरकी असते, डोकं काळपट. गुलाबी रंग मोठी झाल्यावर येतो. गुलाबी दिसत नाही म्हणून फेकून देऊ नका. अळी सापडली नाही तर सालीच्या आतल्या बाजूला बघा. अळी शिरलेल्या जागी छोटा फोड आलेला असतो. सरकीला भोक, कापसाला पिवळट डाग ही पण खूण आहे. आणि बोंडावर बाहेरून गोल स्वच्छ भोक दिसलं तर समजा, अळी जेवून निघून गेली.

वीसात दोन, म्हणजे दहा टक्के. ही आर्थिक नुकसानीची पातळी.

आता यातला धोका सांगतो. वीस बोंडं हा नमुना लहान आहे. वावरात खरा प्रादुर्भाव पाचच टक्के असला, तरी वीसात दोन किंवा जास्त किडकी निघण्याची शक्यता साधारण चारात एक असते. उलट, खरा दहा टक्के असला तरी दोनपेक्षा कमी निघण्याची शक्यता पाचात दोन. म्हणून एक किंवा दोन किडकी निघाली, म्हणजे आकडा अगदी उंबरठ्यावर असला, की अजून वीस फोडा. चाळीसात चार असा हिशोब धरा. शून्य निघालं किंवा पाच निघाली तर परत फोडायची गरज नाही, उत्तर मिळालेलं असतं.

दहा टक्केच का?

हा प्रश्न मला आवडतो. एक अळी दिसली की मारावी असं वाटतं, मग दहा टक्क्यांपर्यंत वाट का बघायची? कागद घ्या, एक साधं उदाहरण मांडू. आकडे समजण्यापुरते धरलेत, तुमचे तुम्ही घाला.

चार बाय दोन फुटावर लावण केली तर एकरी साधारण ५४०० झाडं. झाडाला तीस बोंडं, बोंडाला चार ग्रॅम कापूस. एकरी साडेसहा क्विंटल. भाव सात हजार धरला तर किलोला सत्तर रुपये. एका फवाऱ्याचा औषध आणि मजुरीसह खर्च धरा अकराशे रुपये.

किडकं बोंड पूर्ण वाया जात नाही, एक-दोन कप्पे जातात. निम्मं गेलं असं धरू. दहा टक्के बोंडं किडली तर पाच टक्के कापूस गेला, म्हणजे साडेबत्तीस किलो. फवारा सगळ्या अळ्या मारत नाही, आत बसलेल्या वाचतात. निम्मं नुकसान वाचलं धरा, तर सव्वासोळा किलो. सत्तरने गुणा: साधारण ११४० रुपये. फवाऱ्याचा खर्च अकराशे. इथे बरोबरी झाली. याच्या खाली फवारा मारला तर तो तुमच्या खिशातून जातो. तीन टक्क्यांवर मारला तर वाचतील जेमतेम साडेतीनशे.

भाव वाढला तर ही रेघ खाली येते. फवारा महाग झाला तर वर जाते. दहा टक्के ही काही दगडावरची रेघ नाही, पण अंदाज बांधायला पक्की आहे. आणि या हिशोबात एक खर्च मी धरलाच नाही. फवाऱ्यात मरणारे मित्रकीटक.

मित्रकीटक: कोण, कधी, किती

कपाशीत आपल्या बाजूने काम करणारे बरेच आहेत. ढालकिडे, क्रायसोपा, कोळी. ते मावा, तुडतुडे, अंडी, लहान अळ्या खातात. गुलाबी अळीसाठी सगळ्यात कामाची आहे ट्रायकोग्रामा नावाची माशी. टाचणीच्या टोकाएवढी. ती पतंगाच्या अंड्यात आपलं अंडं घालते. त्या अंड्यातून अळीऐवजी माशीच बाहेर येते. आठवतंय ना, अळी उघड्यावर फक्त काही तास असते? अंडं मात्र तीन ते सहा दिवस बाहेर असतं. औषधाला जे काही तास मिळतात, तिथे या माशीला दिवस मिळतात.

ती ट्रायकोकार्डवर येते. एका कार्डावर साधारण वीस हजार अंडी. एकरी तीन कार्डं, म्हणजे साठ हजार. गुलाबी अळीसाठी ट्रायकोग्रामॅटॉयडिया बॅक्ट्री ही जात जास्त योग्य, ती मिळते का विचारा. कार्डाच्या पट्ट्या कापून, संध्याकाळी, पानाच्या खालच्या बाजूला स्टेपल करायच्या. वर लावल्या की ऊन आणि मुंग्या खातात. पट्टीवरची अंडी काळी दिसायला हवीत. काळी म्हणजे आत माशी आहे. पांढरी असतील तर कार्डं कच्ची आहेत. आणि बारीक भोकं पडलेली असतील तर माश्या वाटेतच निघून गेल्या.

कार्डं आणून कपाटात ठेवायची वस्तू नाही. आधी मागणी नोंदवावी लागते. राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ, दहिगाव-ने आणि बाभळेश्वरचं कृषी विज्ञान केंद्र, तालुका कृषी कार्यालय इथे आधीच विचारून ठेवा, कारण सापळा भरल्यावर शोधाशोध सुरू केली तर अंडी फुटून जातात.

मर्यादाही सांगतो. बोंडाच्या बुडाशी पाकळीच्या आत घातलेली अंडी माशीला सहज सापडत नाहीत. त्यामुळे कार्डं हंगामाच्या पहिल्या अर्ध्यात, पाती-फुलांच्या काळात जास्त काम करतात, आणि आठवड्याने-दहा दिवसांनी परत लावावी लागतात. आणि कार्ड लावलेल्या आठवड्यात जहाल फवारा मारला तर माश्या आधी मरतात.

म्हणूनच पहिले साठ दिवस सांभाळा. बियाण्याला आधीच औषध लावलेलं असतं, सुरुवातीला तुडतुड्यांना ते पुरतं. नंतरही गरज पडली तर आधी पाच टक्के निंबोळी अर्क घ्या. पिकाभोवती मका, चवळीच्या दोन ओळी असल्या तर चवळीवरच्या माव्याला ढालकिडे येतात आणि मग कपाशीत उतरतात. जून-जुलैत दोन-तीन कडक फवारे झाले असतील, तर सप्टेंबरात कार्डं लावून चमत्कार व्हायचा नाही.

एक वावर, एक हंगाम

आता हे सगळं एकत्र जोडू. समजा शेवगाव तालुक्यात दोन एकर कपाशी आहे, पेरणी १५ जूनची. ३० जुलैला चार सापळे लावले.

ऑगस्टभर रोज सापळ्यागणिक एक-दोन पतंग. शंभर फुलांत दोन-तीन डोमकळ्या, त्या तोडल्या. फवारा नाही. ऑगस्टच्या शेवटी एकदा ट्रायकोकार्डं लावली, दोन एकराला सहा.

१२ सप्टेंबरला चार सापळ्यांत मिळून ३६ पतंग, सरासरी नऊ. शेजाऱ्याने पंप काढला. १३ ला पाऊस, १२ पतंग. १४ ला २९. लागोपाठ तीन रात्री झाल्या नाहीत. बोंडं फोडली: चाळीसात एक. थांबायचं.

२०, २१, २२ सप्टेंबर: ३४, ३७, ४१. सरासरी साडेआठ, सव्वानऊ, सव्वादहा. पातळी ओलांडली. शिफारशीप्रमाणे तीन आकड्यांपैकी एकानेही रेघ ओलांडली तरी काहीतरी करायचंच. काय करायचं ते बाकीचे दोन आकडे सांगतात. २३ ला चाळीस बोंडं फोडली, दोन किडकी, पाच टक्के. डोमकळ्या शंभरात चार. याचा अर्थ पतंग आत्ता उडतायत, अंडी आत्ता पडतायत, नुकसान अजून झालेलं नाही. ही माशीची वेळ. त्याच संध्याकाळी परत सहा कार्डं.

२९ सप्टेंबरला परत चाळीस बोंडं. पाच किडकी, साडेबारा टक्के, आणि पाचातल्या चारांत लहान पांढऱ्या अळ्या. म्हणजे नवी पिढी शिरते आहे, आणि सापळे अजून आठच्या वर आहेत, म्हणजे मागून अंडी येतच आहेत. आता फवारा. इमामेक्टीन बेंझोएट ५ टक्के दाणेदार, दहा लिटर पाण्यात चार ग्रॅम. एकच औषध. दुकानातून तीन डब्या एकत्र करून आणायच्या नाहीत.

या चारांत लहान अळ्या होत्या हे वहीत लिहिणं गरजेचं होतं. समजा पाचही बोंडांत मोठ्या गुलाबी अळ्या असत्या किंवा भोकं असती, आणि सापळे दोन-तीनवर असते, तर टक्केवारी तीच पण अर्थ वेगळा. ती पिढी संपत आली, फवारा कोणाला लागणार? तेव्हा थांबायचं आणि पुढच्या पतंगांची वाट बघायची.

फवारा लागू पडला का हे कसं कळणार? आठवड्याने परत कोवळी बोंडं फोडा. मोठ्या अळ्या जिवंत दिसतील, त्याने घाबरू नका. नव्या बोंडांत लहान पांढऱ्या अळ्या किती, ते बघा. त्या कमी झाल्या असतील तर लागू पडला. तेवढ्याच असतील तर दुसऱ्या गटातलं औषध घ्या, तेच परत नको. पायरेथ्रॉइड गटातली, म्हणजे सायपरमेथ्रीन, फेनव्हलरेटसारखी औषधं लवकर मारली तर पांढरी माशी उसळते. ती नोव्हेंबरपर्यंत हात लावू नका, आणि नंतरही एकदाच.

फवारताना एक गोष्ट विसरू नका. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतल्या विषबाधेने वीसहून अधिक माणसं गेली. कपाशी डोक्याएवढी वाढली होती, औषधं एकत्र केलेली होती, फवारा अंगावर येत होता. झाड छातीच्या वर गेलं असेल तर वाऱ्याच्या उलट्या दिशेने शिरू नका. हातमोजे, तोंडाला मास्क, पूर्ण बाह्यांचा शर्ट, आणि उपाशीपोटी फवारणी नको.

डिसेंबरनंतरचं वावर

शेवटचा मुद्दा, आणि तो पुढच्या वर्षीचा पहिला आकडा ठरवतो. थंडी पडली की शेवटच्या पिढीतल्या काही अळ्या कोषात जात नाहीत. सरकी एकमेकीला चिकटवून आत झोपून राहतात. न वेचलेल्या बोंडांत, बांधावर रचलेल्या पऱ्हाट्यांत, जिनिंगच्या सरकीत. मूळा किंवा जायकवाडीचं पाणी आहे म्हणून फरदड ठेवली, एप्रिलमध्ये पूर्वहंगामी कपाशी लावली, की अळीला बाराही महिने जेवण मिळतं. कपाशीचं बियाणं १ जूनच्या आधी शेतकऱ्याला विकायचं नाही असा आदेश कृषी विभागाने अनेक वर्षं काढला, तो याच साखळीसाठी.

अमेरिकेने २०१८ साली आपल्या कापूस पट्ट्यातून गुलाबी अळी संपल्याचं जाहीर केलं. बीटी, कामगंध, नपुंसक केलेले पतंग सोडणं, हे सगळं त्यांनी केलं. पण त्यासोबत कपाशी ठरलेल्या मुदतीत उपटून नांगरून टाकणं सक्तीचं होतं. आपल्याकडे पतंग सोडायची यंत्रणा नाही. उपटायला मात्र कोणाची परवानगी लागत नाही. डिसेंबरअखेर शेवटची वेचणी, मग मेंढरं सोडा, ती उरलेली बोंडं खातात. मग पऱ्हाट्या रोटाव्हेटरने बारीक करा. बांधावर रचू नका.

आणि हे एकट्याने होत नाही. तुमचं वावर स्वच्छ आणि शेजाऱ्याची पऱ्हाटी बांधावर, तर जूनमधला पतंग दोघांचाच. पाच-सहा शेजारी मिळून सापळ्याचे आकडे एका ग्रुपवर टाका. रोज सकाळी फक्त आकडा. ज्याच्या बांधाकडे आकडा आधी चढतो, तिकडे पऱ्हाट्यांचा ढीग किंवा जिनिंग सापडेल.

श्रोत्यांनी विचारलेला एक प्रश्न राहिला: "वही ठेवायला वेळ कुठे?" चार सापळे मोजायला सकाळी दहा मिनिटं. चाळीस बोंडं फोडायला आठवड्यातून अर्धा तास. वहीत पाच रकाने पुरतात: तारीख, सापळ्यांची बेरीज, शंभरात डोमकळ्या, फोडलेली आणि किडकी बोंडं, अळी लहान की मोठी. दुकानदारासमोर ही वही उघडी ठेवा, आणि औषध कोणत्या आकड्यासाठी देताय ते त्यालाच विचारा.

पुढच्या भागात तुडतुडे आणि फुलकिडे. तुमच्या सापळ्यांचे आकडे तालुक्याच्या नावासह पाठवा, त्यातले काही आपण पुढच्या भागात वाचू.